कंबर ३०, सीट ४१: ट्राउझरचा नंबर कोणता घ्यायचा?

*ताई, घर सिंहगड रस्त्यावर, ऑफिस हिंजवडीला. इतकी वर्षं जीन्स ३० नंबरची घेते, ती नीट बसते. आता ऑफिसात फॉर्मल कपडे सक्तीचे झाले म्हणून सरळ पायांची ट्राउझर ऑनलाइन मागवली. तक्त्यात ४० नंबरसमोर कंबर ७६ सेंमी होती, म्हणजे ३० इंचच, म्हणून ४० घेतली. ती चढली, पण खिसे उघडे पडतात आणि स्कूटरवर बसलं की मांडीपाशी कापड ताणतं. बदलून ४४ घेतली, तर मागे कमरेत हात जाईल एवढी फट. सीटचं माप ४१ इंच आहे. कापड साधं आहे, जीन्ससारखं ताणलं जात नाही. मग माझा नंबर कोणता?*

*– एक वाचक, पुणे*

नमस्कार,

या ट्राउझरसाठी ४२ घ्या आणि मागच्या बाजूने कंबर साधारण ४ सेंमी आत घेऊन घ्या. हा नंबर या कापाच्या ट्राउझरपुरता आहे. प्लेट असलेली ढगळ ट्राउझर घेतलीत तर तुम्हाला ४० सुद्धा छान बसेल, आणि अंगाबरोबरची घेतलीत तर ४४ लागेल. शरीर तेच असताना तीन नंबर का लागतात, ते नीट सांगते. एकदा हे लक्षात आलं की पार्सल परत पाठवण्याचे निम्मे फेरे वाचतात.

आधी जीन्सचं बघू, कारण घोळ तिथून सुरू झालाय. जीन्सवरचा ३० हा इंचातला कंबरेचा आकडा आहे हे खरं, पण ती जीन्स टेपने मोजलीत तर पट्टा बहुतेक वेळा ३० भरणार नाही. ३१, ३२, कधी त्याहूनही जास्त निघेल. आजच्या बऱ्याचशा जीन्स कमरेच्या खऱ्या बारीक भागावर न बसता दोनेक इंच खाली बसतात, आणि तिथे शरीर रुंद असतं. म्हणजे ३० हा आकडा ‘ज्या बाईची कंबर ३० आहे तिच्यासाठी’ एवढंच सांगतो. शिवाय हल्लीच्या जीन्सच्या कापडात थोडा ताणणारा धागा असतो. त्यामुळे सीटला जीन्स तुमच्या अंगापेक्षा इंच-दोन इंच कमी असली तरी कापड ताणून ती कमतरता भरून काढतं. तुमच्या ४१ इंचाच्या सीटची अडचण इतकी वर्षं त्या धाग्याने सांभाळून घेतली. साधं कापड आलं आणि ती उघडी पडली.

आता ४० या नंबराकडे या. तो ना इंच आहे, ना सेंटिमीटर, ना कंबर. तुमच्या तक्त्यातले आकडे जर्मन पद्धतीच्या तक्त्याशी जुळतात, आणि त्या पद्धतीत नंबर निघतो छातीवरून. छातीचं माप सेंटिमीटरमध्ये घ्यायचं, निम्मं करायचं आणि त्यातून ६ वजा करायचे. छाती ९२ असेल तर निम्मे ४६, वजा ६, उरले ४०. कंबर ७६ आणि सीट १०० हे त्या छातीच्या ‘सरासरी’ बाईचे आकडे म्हणून पुढे जोडलेले असतात. ड्रेसच्या बाबतीत हे चालून जातं, कारण ड्रेस छातीवरच बसतो. ट्राउझरला मात्र छातीचा काडीइतकाही संबंध नसतो, तरी नंबर तोच चिकटवला जातो. आपल्याकडच्या कुर्त्यांवरचा ४० म्हणजे छातीचे इंच, हा आणखी एक गोंधळ. कुर्ता ४० लागतो म्हणून ट्राउझरही ४० घेणाऱ्या मुली माझ्याकडे नेहमी येतात. या दोन आकड्यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही.

शिवाय हा नंबर देशागणिक बदलतो. जर्मनीतला ३८ हा फ्रान्समध्ये ४० आणि इटलीत ४४ होतो. अमेरिकेत तर ८, १०, १२ असे आकडे. तिथे १९३९-४० मध्ये जवळजवळ १५,००० बायकांची मापं घेतली गेली आणि त्यांच्या आधारे १९५८ मध्ये सरकारी प्रमाण मापांचा तक्ता निघाला. त्या तक्त्यात ८ नंबरची कंबर २३½ इंच होती. आज तिथल्या दुकानात ८ नंबर मागितला तर पाच-सहा इंच मोठी कंबर हातात पडते. ते प्रमाणही १९८३ मध्ये मागे घेतलं गेलं. तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापला तक्ता वापरते. म्हणून ‘३० इंच म्हणजे अमुक नंबर’ असं भाषांतर पाठ करून ठेवू नका. ते त्या कंपनीच्या त्या तक्त्यापुरतंच खरं असतं.

तर तुमचा तक्ता पुन्हा उघडा आणि या वेळी कंबरेची ओळ सोडून सीटची ओळ वाचा. या पद्धतीच्या तक्त्यात ४० ला कंबर ७६ आणि सीट १०० असते, ४२ ला ८० आणि १०३, ४४ ला ८४ आणि १०६. तुमची सीट ४१ इंच म्हणजे १०४ सेंमी. कंबरेने तुम्ही ४०, सीटने ४२ आणि ४४ च्या मध्ये. तक्ता कंबर आणि सीट यांत २२ ते २४ सेंमीचा फरक धरून चाललाय आणि तुमचा फरक २८ सेंमी आहे. यात बिघडलेलं काही नाही. कितीतरी बायकांचा बांधा असाच असतो, फक्त तक्ता त्यांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला नसतो.

तक्त्यातली मापं अंगाची असतात, कपड्याची नसतात. कपडा अंगापेक्षा मोठा कापावाच लागतो, नाहीतर त्यात बसता-उठता येणार नाही. या वाढीव मापाला आपले टेलर ‘लूझिंग’ म्हणतात. न ताणणाऱ्या कापडाच्या ट्राउझरला कंबरेत एक-दोन सेंमी लूझिंग पुरतं, कारण कंबर बसल्यावर फार बदलत नाही. सीटचं तसं नसतं. खुर्चीत बसलात की मांस पसरतं आणि घेर वाढतो. किती वाढतो ते घरीच बघा. उभं राहून सीटचा सगळ्यात भरलेला भाग मोजा, मग कडक खुर्चीवर बसून तोच घेर पुन्हा मोजा. बहुतेकींचा फरक ३ ते ५ सेंमी येतो, काहींचा जास्त. जो फरक येईल तेवढं लूझिंग साध्या कापडाला किमान हवं. स्कूटर रोज चालवणारीने त्यात एखादा सेंटिमीटर आणखी धरावा, कारण तिथे गुडघे पुढे आणि पाठ किंचित वाकलेली असते, ट्राउझर मागून खाली ओढली जाते.

आता तुमच्या दोन्ही पार्सलांचा हिशोब मांडू. सरळ पायांच्या फॉर्मल ट्राउझरला सीटमध्ये ५ सेंमी आणि कंबरेत २ सेंमी लूझिंग धरलं आहे असं समजा. तर ४० नंबरची तयार ट्राउझर सीटला १०० अधिक ५, म्हणजे १०५ भरते. तुमचं अंग १०४. उरलं १ सेंमी. उभं असताना ती चढली, कारण एक सेंमी तरी होता, आणि बसल्यावर ताणली, कारण बसल्यावर तो एक सेंमीही उरला नाही. खिसे उघडे पडले ते त्याच ओढीने. तिरप्या खिशाची कड म्हणजे सीटच्या घेरातलं सगळ्यात दुबळं ठिकाण, कापड अपुरं पडलं की पहिल्यांदा तीच उघडते.

४४ ची सीट १०६ अधिक ५, म्हणजे १११. तुमच्या अंगावर ७ सेंमी जादा, आरामशीर. पण कंबर ८४ अधिक २, म्हणजे ८६, आणि तुमची ७६. दहा सेंमीची फट, त्यात हात जाणारच.

४२ मध्ये सीट १०८, म्हणजे लूझिंग ४ सेंमी. कंबर ८२, म्हणजे ६ सेंमी जादा. त्यातले २ सेंमी श्वासाला आणि जेवणाला ठेवले तर आत घ्यायचे फक्त ४. हे काम कोपऱ्यावरचा अल्टरेशनवालाही नीट करू शकतो. म्हणून मी ४२ म्हटलं. फक्त बसून मोजलेला तुमचा फरक, स्कूटरचा एखादा सेंमी धरून, ४ सेंमीच्या आत आहे ना, ते आधी बघा. पाच-सहा आला तर सरळ ४४ कडे जा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

आता हेच लूझिंग बदलून बघा. अंगाबरोबरच्या, बारीक पायांच्या ट्राउझरला कंपनीने सीटमध्ये २ सेंमीच धरलेलं असेल, तर ४२ नंबर १०५ भरेल आणि तुमची पुन्हा तीच अडचण होईल. तिथे ४४ लागेल. उलट पुढे दोन प्लेट असलेल्या ढगळ ट्राउझरला सीटमध्ये १० सेंमी लूझिंग असू शकतं. मग ४० नंबरसुद्धा ११० भरतो, तुम्हाला ६ सेंमी मोकळे मिळतात आणि कंबर ७८, म्हणजे अल्टरही करावी लागत नाही. कंबर आणि सीट यांत तुमच्यासारखा मोठा फरक असलेल्यांना प्लेटची ट्राउझर सोयीची पडते, ती याच कारणाने. प्लेटमध्ये दडलेलं कापड बसल्यावर उघडतं आणि कंबरेला मात्र मिटलेलं राहतं. जाड दिसू या भीतीने बायका प्लेट टाळतात. माझा अनुभव असा की घट्ट बसलेली, खिसे उघडे पडलेली ट्राउझरच जास्त जाड दाखवते.

कंपनीने लूझिंग किती धरलंय हे कळायचं कसं? काही ठिकाणी कपड्याच्या पानावर दोन तक्ते असतात, एक अंगाच्या मापांचा आणि एक तयार कपड्याच्या मापांचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की लूझिंग हातात येतं. एकच तक्ता असेल तर तो कसला आहे ते वाचल्याशिवाय नंबर निवडू नका. तयार कपड्याचा तक्ता अंगाचा समजून घेतलात तर हमखास घट्ट निघेल. तक्ताच नसेल आणि कपडा हातात असेल, तर टेप लावा. चेन आणि हुक लावून ट्राउझर पलंगावर सपाट पसरा. पुढच्या-मागच्या पायांच्या शिलाया जिथे एकत्र येतात त्या आसनाच्या जोडापासून चार बोटं वर, आडवं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. टेप ताणू नका, कापडही ताणू नका. ४४ तुमच्याकडे अजून असेल तर आजच हे माप घ्या. १११ च्या आसपास आलं तर माझा वरचा हिशोब तुमच्या कंपनीला लागू आहे. आणखी दोन-चार सेंमी जास्त आलं तर ४२ डोळे मिटून मागवा.

तुमचं स्वतःचं कंबरेचं माप मात्र एकदा पुन्हा घ्या. आपल्याकडे बहुतेक बायका परकराची किंवा सलवारची नाडी बांधतात तिथे टेप लावतात आणि ती जागा खऱ्या कंबरेच्या खाली असते. सरळ उभ्या राहून एका बाजूला वाका. जिथे घडी पडते ती कंबर. टेप जमिनीला समांतर ठेवा, आरशात मागची बाजूही बघा, कारण टेप मागे घसरतो आणि माप चुकतं. सीट मोजताना पाय जुळवून उभ्या राहा. सगळ्यात भरलेला भाग कंबरेखाली सात ते नऊ इंचांवर सापडतो, पण ज्यांच्या मांड्या भरलेल्या आहेत त्यांचा त्याहून खाली असतो. तिथलं माप मोठं येत असेल तर तेच धरा.

अल्टरेशनबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. कंबर आत घेता येते, सीट बाहेर काढता येत नाही. तयार ट्राउझरच्या बाजूच्या शिलाईत आत जेमतेम १ सेंमी माया असते आणि तीही ओव्हरलॉक केलेली. ती उसवून सीट वाढवायला गेलात तर हाती काही लागत नाही आणि जुन्या शिलाईच्या खुणा बाहेर दिसतात. म्हणून दोन नंबरांत अडकलात तर निवड सीटवरून करायची.

टेलरला सांगताना ‘कंबर कमी करा’ एवढंच सांगितलंत तर तो घाईत दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊन मोकळा होतो, खिसे मागे सरकतात आणि बाजूची रेघ वाकडी होते. मागच्या मधल्या शिलाईतून घ्या, असं स्पष्ट सांगा. पट्टा मागे मध्यभागी उसवून, शिलाई कंबरेपाशी प्रत्येक बाजूला २ सेंमी आत घ्यायची आणि खाली उतरत सीटचा भरलेला भाग सुरू होण्याआधी जुन्या शिलाईला मिळवायची. खालपर्यंत तेवढीच घेतली तर तुम्ही ज्यासाठी मोठा नंबर घेतला ते सीटचं कापडच तो कापून टाकेल. मागे मध्यभागी पट्ट्याला जोड असेल तर काम सोपं, अखंड पट्टा असेल तर तिथे नवा जोड येईल. फॉर्मल ट्राउझरला तो बेल्टखाली झाकला जातो.

४४ ठेवावी लागली तर ८ सेंमी घ्यायचे आहेत. हे सगळं मागच्या एका शिलाईतून घेऊ नका. मागचे खिसे एकमेकांजवळ येतात आणि सीटवर टोक उभं राहतं. ४ मागून आणि उरलेले ४ मागच्या दोन टक्समध्ये वाटून, प्रत्येक टक २ सेंमीने खोल करायचा. मागे खिसे असतील तर टक खिशाच्या वरच उतरवावा लागतो, म्हणून हे काम अल्टरच्या गाडीवर न देता लेडीज ट्राउझर शिवणाऱ्या टेलरकडे द्या. लक्ष्मी रस्त्याच्या आजूबाजूला असे टेलर अजून सापडतात. पट्टा घालून ट्रायल घेतल्याशिवाय जादा कापड कापू देऊ नका.

एक ताण असा असतो की जो नंबर वाढवून जात नाही. आसनाच्या जोडापासून मांडीकडे किंवा पोटाकडे तिरप्या रेघा उठत असतील, आणि खिसे मात्र नीट मिटलेले असतील, तर घेर पुरेसा आहे, आसनाची लांबी कमी पडतेय. त्याला वेगळ्या कापाची, उंच आसनाची ट्राउझर लागते. तुमचे खिसे उघडे पडत होते, म्हणून तुमची अडचण घेराचीच धरली आहे. ४२ घातल्यावर आडवा ताण जाऊन तिरप्या रेघा तशाच राहिल्या, तर ती परत करा, अल्टरला देऊ नका.

४२ आली की लेबल न काढता घालून बघा. उभं राहून सीटच्या बाजूला कापडाची चिमूट धरा. चिमटीतली घडी एका बाजूला १ सेंमी उंच आली म्हणजे तिथे २ सेंमी मोकळे, दोन्ही बाजूंचे मिळून ४. मग खुर्चीत बसा, मांडीवर हात न लावता उठा, आणि खिसे आपोआप मिटतात का बघा. मिटले तर ठेवा. सुती, लिनन किंवा व्हिस्कोज कापड असेल तर लेबलवर सांगितलंय तसं एकदा धुऊन, इस्त्री करून मगच टेलरकडे न्या, कारण आटायचं ते आधी आटून गेलेलं बरं. उंची सगळ्यात शेवटी, कंबर झाल्यावर मोजायला सांगा. सैल पट्टा खाली घसरलेला असतो, तो आवळल्यावर ट्राउझर वर बसते आणि आधी दुमडलेल्या मोहऱ्या घोट्याच्या वर जातात.